अडतीस मीटरची फरशी

खोली ५४० सेंटिमीटर लांब आणि ४२० सेंटिमीटर रुंद आहे. सारख्या मापाच्या चौरस फरशा न कापता बसवायच्या आहेत. कमीत कमी किती फरशा लागतील?

इंदूरला राजेंद्रनगरात राहणाऱ्या माझ्या पुतणीने ‘कमीत कमी’ वाचलं आणि लगेच लसावि काढला: ३७८०. वर पडताळाही केला. मसावि ६०, लसावि ३७८०, दोघांचा गुणाकार २,२६,८००. आणि ५४० गुणिले ४२० सुद्धा तेवढाच. तिच्या मते गणित बरोबर.

आकडेमोड बरोबरच होती. पण हा पडताळा फक्त मसावि आणि लसावि नीट काढले आहेत एवढंच सांगतो. प्रश्नाला त्यांतला कोणता हवा होता, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

ते कळायला उत्तर पुन्हा प्रश्नात नेऊन ठेवावं लागतं. ३७८० हे फरशीच्या बाजूचं माप धरलं, तर फरशी जवळजवळ अडतीस मीटरची आणि खोली साडेपाच मीटरचीही नाही! फरशीची बाजू खोलीच्या लांबीला आणि रुंदीला, दोन्हींना पूर्ण भाग देणारी हवी. म्हणजे ती लहान बाजूपेक्षा मोठी असूच शकत नाही. इथे मसावि हवा. आता ‘कमीत कमी’चं काय? फरशा कमी लागायच्या तर प्रत्येक फरशी मोठ्यात मोठी हवी. प्रश्नातला शब्द नगांबद्दल बोलतो, आपण काढतो ते माप. शब्द बघून लसावि-मसावि ठरवायची युक्ती (शिकवण्यांमध्ये ती फार चालते) इथेच फसते.

बाजू ६० सेंटिमीटर घेतली की लांबीत ९ आणि रुंदीत ७ फरशा बसतात, एकूण ६३.

उलटी चूकही तितकीच होते. राजवाड्यावरून एक बस दर १२ मिनिटांनी, दुसरी दर १८ मिनिटांनी सुटते असं समजा. आठला दोन्ही एकदम सुटल्या. पुन्हा एकदम कधी? मसावि काढणारा ‘८ वाजून ६ मिनिटांनी’ म्हणतो. त्या वेळी थांब्यावर एकही बस नसते. हव्या असलेल्या वेळेला १२ आणि १८ या दोन्हींनी भाग जायला हवा, म्हणून ती १८ पेक्षा कमी असणार नाही. लसावि ३६, म्हणजे ८ वाजून ३६ मिनिटं.

मात्र उत्तर प्रश्नात बसलं म्हणजे ते बरोबर असेलच असं नाही. ३० सेंटिमीटरची फरशीही त्या खोलीत न कापता बसते: लांबीत १८, रुंदीत १४. पण १८ आणि १४ या दोघांनाही २ ने भाग जातो, म्हणजे फरशी अजून दुप्पट करता येते. ९ आणि ७ यांना १ सोडून दुसरा सामाईक विभाजक नाही, म्हणून ६० च्या पुढे जाता येत नाही.