चाळीस मीटरवरच्या स्पीकरसाठी केबल किती जाड घ्यावी?

मंगल कार्यालयाचा हॉल लांबीला तीस मीटर. अ‍ॅम्प्लिफायर स्टेजजवळ, दोन स्पीकर मागच्या भिंतीवर. केबल मात्र तीस मीटरमध्ये भागत नाही. ती रॅकमधून वर छतापर्यंत चढते, तुळईच्या कडेने जाते आणि मग पुन्हा खाली उतरते, म्हणजे चाळीस मीटर सहज लागते. शिवाय विद्युतप्रवाह एका तारेने जातो आणि दुसरीने परत येतो. त्यामुळे हिशोबात धरायचं तांबं ऐंशी मीटर.

एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाड तांब्याच्या तारेचा रोध साधारण 0.0175 ओहम असतो. याला ऐंशीने गुणलं आणि तारेच्या जाडीने भागलं की जाऊन-येऊन एकूण रोध मिळतो. बाजारात सर्रास मिळणाऱ्या दीड एमएमच्या, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरच्या, वायरीसाठी तो 0.93 ओहम येतो. आकडा किरकोळ वाटतो, पण नुसत्या त्याच्यावरून काहीच कळत नाही. समोर स्पीकर किती ओहमचा आहे, यावर सगळं ठरतं.

आठ ओहमचा एकच स्पीकर असेल तर या वायरीत आवाजाची पातळी जवळपास एक डेसिबलने घटते. भाषण ऐकणाऱ्याला ते जाणवणारही नाही. पण आपल्याकडे मागच्या दोन पेट्या बहुतेक वेळा एकाच केबलवर जोडलेल्या असतात, पहिल्या पेटीतून निघून दुसरीत. ही जोडणी समांतर असते, म्हणून आठ-आठ ओहमच्या दोन पेट्यांचे अ‍ॅम्प्लिफायरला समोर दिसतात चारच ओहम. अ‍ॅम्प्लिफायर 20 व्होल्ट देत असेल आणि वायरीत रोधच नसेल, तर दोन्ही पेट्यांना मिळून 100 वॅट मिळायला हवेत. दीडच्या वायरीतून प्रत्यक्षात 66 पोचतात. सुमारे 15 वॅट वायर तापवण्यात जातात, आणि उरलेले अ‍ॅम्प्लिफायरमधून निघतच नाहीत, कारण वाढलेल्या रोधामुळे प्रवाहच कमी झालेला असतो. हा तोटा 1.8 डेसिबलचा.

पातळी घटली तर आवाज वाढवता येतो. खरी अडचण वेगळी आहे. पेटीवर लिहिलेले आठ ओहम हा नाममात्र आकडा असतो. एखाद्या स्वराला ती सहा-सात ओहम दाखवते, तर वूफरच्या अनुनादापाशी वीस-तीसच्या घरात जाते. जिथे ओहम कमी, तिथे वायर जास्त खाते. त्यामुळे तोटा सगळ्या स्वरांना सारखा होत नाही आणि मागच्या पेट्यांचा सूर पुढच्यांपेक्षा थोडा वेगळा लागतो. ‘डॅम्पिंग फॅक्टर’चा, म्हणजे वूफरवरच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पकडीचा, बागुलबुवा करून महागडी केबल गळ्यात मारणारे भेटतात. स्पीकरच्या कॉइलचा स्वतःचाच रोध सहा ओहमच्या आसपास असतो, तेव्हा वायरीचे दोन-चार दशांश कमी करून वूफर अचानक आज्ञाधारक होत नाही.

मग जाडी किती घ्यायची? संगीतासाठी वायरीचा रोध स्पीकरच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवतात, नुसत्या निवेदनासाठी दहा टक्केही चालतात. आठ ओहमवर पाच टक्के म्हणजे 0.4 ओहम, आणि त्यासाठी चाळीस मीटरला साडेतीन एमएम लागते. बाजारात चारची मिळते. चार ओहमवर मात्र तोच नियम सात एमएम मागतो, आणि तेवढी जाड वायर स्पीकॉन प्लगमध्ये बसवताना घाम फुटतो. म्हणून दुकानात जाण्याआधी जोडणीकडे बघावं. दोन्ही पेट्यांना चारची स्वतंत्र केबल टाकली की प्रत्येक केबलसमोर पुन्हा आठ ओहम येतात. अ‍ॅम्प्लिफायरला भार चार ओहमचाच दिसतो, तांबंही जवळपास सातच्या एका केबलइतकंच लागतं, पण काम हाताळण्याजोगं राहतं. त्याहून सोपं म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच मागे नेऊन ठेवणं आणि लांबचं अंतर मायक्रोफोनच्या केबलने कापणं. तिथे प्रवाह इतका थोडा असतो की तारेच्या जाडीचा प्रश्नच उरत नाही.

निवेदनासाठी दहा-बारा छोटे स्पीकर लावायचे असतील तर 100 व्होल्टची लाइन बरी. प्रत्येक स्पीकरला ट्रान्सफॉर्मर असतो. एकूण 100 वॅटचा भार असला तर तो 100 ओहमचा दिसतो, आणि त्यापुढे दीडच्या वायरीचा 0.93 ओहम नगण्य ठरतो. मात्र स्वस्त ट्रान्सफॉर्मर खर्जाचा आवाज खातात, त्यामुळे ऑर्केस्ट्रासाठी ही सोय नको. साधी आठ ओहमची पेटी या लाइनवर थेट जोडली तर ती जळेल.

केबल टाकून झाली की पेटी काढून त्या टोकाच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडाव्यात. दुसऱ्या टोकाला, अ‍ॅम्प्लिफायरपासून सुटी करून, मल्टिमीटर लावावा. मीटरच्या स्वतःच्या पिनांचा रोध आधी मोजून वजा करायचा. चाळीस मीटर, चार एमएमला 0.35 ओहमच्या जवळपास आकडा यायला हवा. साधा मीटर दशांशापर्यंतच दाखवतो, पण तेवढं पुरतं. 0.5 किंवा 0.6 दिसले तर एखादा जोड सैल आहे, किंवा वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची आहे. तिचा रोध तांब्याच्या दीडपट असतो. तिची एक तार नखाने किंवा ब्लेडने खरवडली की आतून चंदेरी निघते.