शंकूत मावणारा सर्वांत मोठा गोल

तळाची त्रिज्या ६ सेंमी आणि उंची ८ सेंमी असलेला एक बंद, पोकळ शंकू घ्या. त्यात मोठ्यात मोठा गोल केवढा मावेल? पुष्कळांना वाटतं, गोलाचं केंद्र उंचीच्या एक तृतीयांशावर ठेवावं. त्रिकोणाच्या मध्यगा तिथेच मिळतात ना! तसं केलं तर २.६७ सेंमी त्रिज्येला गोल तळाला टेकतो, पण भिंत केंद्रापासून ३.२ सेंमीवर असते. म्हणजे केंद्र थोडं वर सरकवून गोल अजून फुगवता येईल.

किती, ते कळायला शंकू टोकापासून तळाच्या मध्यापर्यंत उभा कापा. छेद म्हणजे समद्विभुज त्रिकोण: पाया १२, तिरक्या बाजू पायथागोरसनुसार १०-१०. क्षेत्रफळ ४८, परिमिती ३२. या त्रिकोणाच्या अंतर्वर्तुळाची त्रिज्या म्हणजे क्षेत्रफळ भागिले अर्धी परिमिती, ४८ ÷ १६ = ३ सेंमी. हेच उत्तर.

पण गोलाचा प्रश्न सपाट त्रिकोणावर सोपवायचा हक्क आपल्याला कुणी दिला? मला या गणितात सगळ्यांत आवडतो तो हाच भाग. समजा, गोल अक्षापासून बाजूला सरकलेला आहे. तरी त्याचं केंद्र आणि शंकूचा अक्ष या दोन्हींतून जाणारं एक प्रतल असतंच. तिथे कापलं की शंकूचा मिळतो तोच त्रिकोण, आणि गोलाचं मिळतं पूर्ण त्रिज्येचं वर्तुळ, कारण काप केंद्रातून गेला. ते वर्तुळ त्रिकोणाच्या आतच असणार. आता त्याचं केंद्र तिन्ही शिरोबिंदूंना जोडा. तीन छोटे त्रिकोण होतात. त्यांची उंची म्हणजे केंद्रापासून त्या त्या बाजूचं अंतर, आणि ते वर्तुळाच्या त्रिज्येपेक्षा कमी असू शकत नाही. तिघांचं क्षेत्रफळ मिळून ४८, म्हणून त्रिज्येची १६ पट ४८ च्या पुढे जाऊ शकत नाही. गोल कुठेही ठेवा, ३ ची मर्यादा कायम. दुसरीकडे, अंतर्वर्तुळ अक्षाभोवती फिरवलं की नेमका ३ सेंमीचा गोल तयार होतो, म्हणजे ती मर्यादा गाठताही येते.

तळाची त्रिज्या R, उंची h आणि तिरकस उंची l असेल, तर सर्वसाधारण सूत्र: r = Rh / (R + l).

हीच युक्ती चौरस पिरॅमिडला डोळे मिटून लावली की फसगत होते. तळ १२ × १२ आणि उंची ८ असलेला पिरॅमिड समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यांतून कापला, तर वरचाच त्रिकोण आणि बरोबर उत्तर ३ मिळतं. कर्णावरून कापला, तर अंतर्त्रिज्या सुमारे ३.३७ येते आणि तेवढा गोल उतरत्या पृष्ठांतून बाहेर डोकावतो. शंकूचे अक्षातून घेतलेले सगळे छेद सारखे असतात, पिरॅमिडचे नसतात. वास्तूच्या नावाखाली पिरॅमिड विकणारे एक तृतीयांश उंचीवर ‘ऊर्जा’ साठते म्हणतात. आपल्या पिरॅमिडमध्ये मात्र सर्वांत मोठ्या गोलाचं केंद्रसुद्धा तिथे नाही, ते ३ सेंमीवर आहे, आणि उंची बदलली की हे प्रमाणही बदलतं.