माणसाचं वजन की एकूण भार? बेंचच्या लिस्टिंगमधला एक आकडा

तासगावहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "दादा, तुमच्या बेंचवर 200 किलो लिहिलंय. माझं वजन 92 आहे. मग रॉडला 200 लावले तर चालतील ना?"

सांगलीतल्या एका खेळसाहित्याच्या दुकानासाठी ऑनलाइन लिस्टिंग लिहायचं काम मी करतो. झोपून वजन उचलायच्या त्या बेंचची ओळ माझीच होती, "वजन क्षमता 200 किलो". मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, "दोनशे किलोचा माणूस झोपला तरी मोडायचा नाही, असा अर्थ." गिऱ्हाइकाने तो आकडा रॉडवरच्या वजनाचा धरला होता. खोक्यावर नुसतं "MAX 200 KG" छापलेलं. एकाच आकड्याचे तीन अर्थ निघत होते आणि माझ्या ओळीत तिन्ही बसत होते.

गोंधळ आहे तो दोन वेगळ्या मर्यादांचा. एक म्हणजे वापरणाऱ्याच्या वजनाची मर्यादा, म्हणजे किती किलोच्या माणसाने ही वस्तू वापरावी. दुसरी एकूण भाराची, म्हणजे माणूस, रॉड, प्लेट्स, लॉक असं सगळं मिळून सांगाड्यावर किती किलो यावं. ट्रेडमिल किंवा व्यायामाची सायकल घेतली तर दोन्ही आकडे जवळपास एकच, कारण त्यावर माणसाशिवाय दुसरं काही येत नाही. हातात डंबेल्स घेऊन ट्रेडमिलवर चालणारे भेटतात, त्यांनी डंबेल्सही मोजावेत, एवढंच. बेंच आणि स्क्वॉट स्टँड यांच्या बाबतीत मात्र हे दोन आकडे फार लांब जातात.

मालकांना मी हे आपल्या सांगलीच्याच उदाहरणाने समजावलं. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत संकेत सरगरने वेटलिफ्टिंगच्या 55 किलो गटात रौप्यपदक मिळवलं. स्नॅचमध्ये 113 किलो आणि क्लीन अँड जर्कमध्ये 135, एकूण 248. आता तो 135 किलो डोक्यावर धरून उभा आहे असं समजा. वजनकाट्यावर माणूस 55 चा, पण पायाखालच्या फळीवर 190. त्या फळीची लिस्टिंग "100 किलोच्या माणसापर्यंत चालेल" अशी केली असती, तर 55 किलोचा संकेत निर्धास्त उभा राहिला असता, आणि फळीवर तिच्या हिशेबाच्या जवळजवळ दुप्पट भार आला असता. मालक म्हणाले, "हां, मग हे वेगळंच प्रकरण आहे."

तर आता तासगावच्या गिऱ्हाइकाचा हिशेब. माणूस 92 किलोचा. रॉड 20 किलोचा, कारण तो ऑलिंपिक रॉड वापरतो. घरगुती सेटमधले रॉड बरेच हलके असतात, म्हणून रॉड कोणता हे विचारावंच लागतं. बहुतेक लोक फक्त प्लेट्स मोजतात आणि रॉड धरायचं विसरतात. त्याच्या प्लेट्स 20 किलोच्या चार, म्हणजे 80. सगळं मिळून 192. दोनशेच्या आत आहे, पण हाताशी उरले आठ किलो. महिन्या-दोन महिन्यांत त्याने दोन्ही बाजूंना पाच-पाच किलो वाढवले की 202. माझ्या जुन्या ओळीवर विसंबून त्याने रॉडच 200 चा केला असता, तर बेंचवर 292 आले असते.

कोणी म्हणेल, बेंचवर झोपल्यावर पाय जमिनीवर असतात, म्हणजे अंगाचं सगळं वजन बेंचवर येत नाही. खरं आहे. पण ते वजा करायचं नाही. दमलेल्या हातांनी रॉड छातीवर धपकन खाली येतो तेव्हा, आणि माणूस जोर लावून तो परत वर ढकलतो तेव्हाही, बेंचला क्षणभर काट्यावरच्या वजनापेक्षा जास्त जोर सोसावा लागतो. पायांमुळे जे थोडं वाचतं ते यात जातं.

मग खोक्यावरचे 200 नक्की कशाचे? मी पुरवठादाराला तीनदा विचारलं, "मॅक्स वेट म्हणजे युजर वेट की लोड?" तिन्ही वेळा उत्तर एकच, "साहेब, दोनशे म्हणजे दोनशे." चूक माझ्या प्रश्नात होती. चौथ्यांदा विचारलं, "या बेंचवर 100 किलोचा माणूस झोपला, तर रॉड आणि प्लेट्स मिळून जास्तीत जास्त किती किलो चालतील?" उत्तर आलं, "शंभर." म्हणजे 200 हा एकूण भार. तेव्हापासून मी संज्ञा विचारतच नाही, 100 किलोचा माणूस झोपवून विचारतो. उत्तर "दोनशे" आलं, तर आकडा रॉडचा आहे. "तसा हिशेब कोणी केलेला नाही" असं आलं, तर तो आकडा कुठून आला हेच माहीत नाही असं समजायचं, आणि लिस्टिंगमध्ये घालायचा नाही.

बऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात दोन, कधी तीन आकडे असतात. समजा, वापरणारा 120 किलोपर्यंत, एकूण भार 250, आणि रॉड ठेवायच्या खांबांवर 150. इथे 70 किलोच्या मुलाला 250 मधून 70 वजा करून 180 मिळतात, पण खांब 150 चेच आहेत. त्यामुळे त्याची मर्यादा 150. तेच 115 किलोच्या माणसासाठी 250 वजा 115, म्हणजे 135. त्याला खांबांची अडचण येण्याआधी एकूण भाराची येते. आणि 125 किलोच्या माणसाने मोकळ्या हातांनी पोटाचे व्यायाम करायलाही हा बेंच घेऊ नये, कारण पहिलीच अट मोडते. तिन्ही आकडे दिलेले असले की लिस्टिंगमध्ये तिन्ही द्यायचे. सगळ्यात मोठा तेवढा उचलून मथळ्यात टाकायचा मोह होतो, मलाही झालेला आहे.

ऑनलाइन बाजाराच्या फॉर्ममुळे गोंधळात भरच पडते. त्यात `Item Weight` असा रकाना असतो आणि `Maximum Weight Recommendation` असाही. पहिल्यात बेंचचं स्वतःचं वजन जातं, आमच्या बेंचचं 16 किलो. हे दोन रकाने उलटसुलट भरले गेले की "16 किलोपर्यंतच्या व्यक्तीसाठी" असा बेंच विकायला उभा राहतो. हसू येतं, पण निदान तो लगेच लक्षात येतो. दुसऱ्या रकान्यात एकच आकडा मावतो आणि तो माणसाचा की एकूण, हे तिथे सांगताच येत नाही. म्हणून त्या रकान्यात मी माणसाच्या वजनाची मर्यादा घालतो आणि एकूण भार खाली वर्णनात पूर्ण वाक्यात लिहितो. कंपनीने माणसाचा आकडा दिलाच नसेल, तर रकाना सक्तीचा नसल्यास रिकामा ठेवतो.

इथे कायद्याचीही बाजू आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 86 नुसार, विक्रेत्याने उत्पादकाच्या हमीव्यतिरिक्त स्वतःहून वेगळी हमी दिली, वस्तू त्या हमीला उतरली नाही आणि त्यातून इजा झाली, तर जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते. खोक्यावर "MAX 200 KG" आणि आमच्या पानावर "200 किलोच्या व्यक्तीसाठी" असेल, तर ती वेगळी हमी आमची झाली. हे वाचल्यावर मालकांनी जुन्या सगळ्या लिस्टिंग उघडायला लावल्या. एक आख्खा रविवार गेला.

त्यातच एक जुनं प्रकरण आठवलं. गावाकडच्या एका तालमीने आमच्याकडचा घरगुती बेंच नेला होता. भार मर्यादेतच होता, कोणी 200 च्या वर गेलं नव्हतं. तरी सहा महिन्यांत पाठीची फळी डुगडुगायला लागली. मी जाऊन पाहिलं. फळी वरखाली करायची पिन ज्या भोकात बसते ते गोल राहिलं नव्हतं, लांबट झालं होतं. बिजागरीजवळच्या वेल्डिंगवर रंगाला केसाएवढी रेघ पडली होती. रंगावर रेघ दिसली की खालच्या धातूवर संशय घ्यायचा आणि बेंच बाजूला काढायचा. घरी त्यावर दिवसातून एक माणूस अर्धा तास झोपतो, तालमीत सकाळ-संध्याकाळ तीस पोरं. व्यायामाच्या उपकरणांच्या आयएसओ 20957 मानकात याच कारणासाठी वर्ग वेगळे आहेत, घरगुतीला एच आणि व्यायामशाळेला एस. किलोचा आकडा सारखा असला तरी एच वर्गाचा बेंच तालमीला देऊ नये. "घरगुती वापरासाठी" हे शब्द तळाशी बारीक अक्षरात न ठेवता भाराच्या शेजारीच लिहिले असते, तर तो बेंच त्यांनी नेला नसता.

तो बेंच पडवीत असायचा, आणि पावसाळ्यात झड थेट आत. पायांची प्लॅस्टिकची टोपणं काढली तर आतून गंज. बाहेरून पावडर कोटिंग असलं तरी पाइप आतून कोराच असतो. म्हणून "घरात, कोरड्या जागी" हेही आता लिहितो. साताऱ्याकडच्या, त्यातही महाबळेश्वर-पाचगणीच्या गिऱ्हाइकांना फोनवर वेगळं सांगतो.

वयाची ओळ मात्र मी काढूनच टाकली. "15 वर्षांवरील" म्हटलं, तरी पंधरा वर्षांचा एक मुलगा पाच फुटांचा असतो, दुसरा पावणेसहा. बेंचवर प्रश्न असतो पाय जमिनीला टेकतात का, आणि ते बेंचच्या उंचीवर ठरतं. पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमात बेंचची उंची जमिनीपासून गादीच्या वरपर्यंत 42 ते 45 सेंटिमीटर असते. आमचा 44 आहे. बुटक्या माणसाचे पाय अधांतरी राहिले, तर पायांखाली प्लेट ठेवावी लागते. म्हणून वयाऐवजी बेंचची उंची देतो.

आता ती ओळ अशी आहे:

"एकूण भार 200 किलोपर्यंत: वापरणाऱ्याचं वजन, रॉड आणि प्लेट्स सगळं मिळून. उदाहरणार्थ, तुमचं वजन 80 किलो असेल, तर रॉडसह जास्तीत जास्त 120 किलो. घरगुती वापरासाठी, व्यायामशाळा किंवा तालमीसाठी नाही. घरात, कोरड्या जागी ठेवा. बेंचची उंची 44 सेंटिमीटर."

तासगावच्या गिऱ्हाइकाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे माझ्याकडे आठच किलो शिल्लक?" मी हो म्हणालो. त्याने तो बेंच घेतला नाही. पंधरा दिवसांनी 300 किलो एकूण भाराचा दुसरा नेला, आणि नेताना खोकं दुकानातच उघडून माहितीपत्रकात "एकूण" हा शब्द स्वतः शोधला.