नापास होण्याची शक्यता आणि लोकसंख्येसाठी काढलेली रेषा

हजेरी आणि अंतर्गत चाचणीचे गुण यांवरून विद्यार्थी नापास होण्याची शक्यता काढायची, की बहुतेक जण लॉजिस्टिक रिग्रेशन वापरतात. या पद्धतीच्या पोटातली नागमोडी रेषा मात्र मुळात शक्यता मोजण्यासाठी तयार झालेली नाही. बेल्जियमचा गणिती प्येर-फ्रांस्वा व्हेरहुल्स्ट याने १८३८ मध्ये ती लोकसंख्येसाठी मांडली. लोकसंख्या आधी झपाट्याने वाढते, मग वेग मंदावतो आणि शेवटी ती एका मर्यादेपाशी स्थिरावते. १८४५ मध्ये त्याने या रेषेला 'लॉजिस्टिक' हे नाव दिलं.

ही रेषा आपल्या प्रश्नापर्यंत आली ती कीटकनाशकांच्या अभ्यासातून. किड्यांच्या एका गटाला विषाची ठरावीक मात्रा द्यायची आणि किती मेले ते मोजायचं. मेला की जगला, तिसरा निकाल नाही, पास-नापाससारखंच. चेस्टर ब्लिस याने १९३४ मध्ये यासाठी सामान्य वितरणाच्या वक्रावर आधारलेली 'प्रोबिट' पद्धत सुचवली. दहा वर्षांनी जोसेफ बर्कसन या वैद्यक-संख्याशास्त्रज्ञाने तिथे व्हेरहुल्स्टची रेषा बसवली आणि प्रोबिटच्या धर्तीवर 'लॉजिट' हा शब्द घडवला. लॉजिट म्हणजे घडण्याच्या आणि न घडण्याच्या शक्यतांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिथम. शक्यता ० आणि १ यांच्यात अडकलेली असते. लॉजिटला तशी हद्द नाही, म्हणून त्यावर सरळ रेषा बसवता येते.

बर्कसनची आकडेमोड गटांवर चालायची. पन्नास किड्यांना एकच मात्रा दिली आणि वीस मेले, तर प्रमाण ०.४ आणि त्यावरून लॉजिट. विद्यार्थ्यांचे असे गट पडत नाहीत. ६३ टक्के हजेरी आणि ११ गुण असलेला विद्यार्थी वर्गात बहुधा एकच असतो. त्याचं प्रमाण एक तर ० किंवा १, आणि दोन्हींचा लॉजिट अनंत! म्हणून मला या इतिहासातला सगळ्यात मोलाचा टप्पा डेव्हिड कॉक्स यांचा १९५८ चा लेख वाटतो. एकेका व्यक्तीचा हो-नाही निकाल आणि तिची स्वतःची माहिती यांवरच समीकरण बसवण्याची सैद्धांतिक चौकट त्यांनी मांडली. प्रत्येकाचा लॉजिट आधी काढायचाच नाही. जे सहगुणक घेतल्यावर प्रत्यक्ष लागलेले निकाल सर्वाधिक संभाव्य ठरतात, ते शोधायचे. हा शोध फेऱ्याफेऱ्यांनी करावा लागतो, त्यामुळे पद्धतीचा खरा प्रसार संगणकांबरोबर झाला.

एक उदाहरण करून पाहू. सहगुणक समजण्यासाठी घेतलेले आहेत. h म्हणजे हजेरीची टक्केवारी, g म्हणजे २० पैकी गुण, z म्हणजे लॉजिट आणि p म्हणजे नापास होण्याची शक्यता:

```
z = 7 - 0.06*h - 0.25*g
p = 1 / (1 + exp(-z))
```

हजेरी ६० आणि गुण ८ असतील, तर z १.४ येतो आणि नापास होण्याची शक्यता सुमारे ०.८०. तेवढ्याच गुणांवर हजेरी ८० असेल तर z ०.२ आणि शक्यता ०.५५. आता १६ गुणांचा विद्यार्थी घ्या: हजेरी ७० ला शक्यता ०.२३, ९० ला ०.०८. दोन्हीकडे हजेरीतला फरक वीस टक्क्यांचाच, लॉजिटही १.२ नेच उतरला. पण शक्यता एकीकडे २५ शतांशांनी कमी झाली, दुसरीकडे १५ शतांशांनी. म्हणून 'हजेरी इतकी वाढली की धोका इतका घटतो' असं सरसकट सांगता येत नाही. शिवाय हे आकडे वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची तुलना करतात. आजारपणामुळे हजेरी आणि निकाल दोन्ही बिघडलेले असू शकतात.

नुसत्या गटप्रमाणाच्या वाटेत जो अनंत आडवा येत होता, तो कॉक्सनंतरही पुरता गेला नाही. छोट्या वर्गात ८ पेक्षा कमी गुणांचे सगळे नापास आणि बाकीचे सगळे पास झाले, तर गुणांचा सहगुणक प्रत्येक फेरीत वाढतच जातो, कारण रेषा जितकी उभी तितकी ती निकालांशी अधिक जुळते. याला पूर्ण विभाजन म्हणतात. ते नेमकं केव्हा घडतं हे अल्बर्ट आणि अँडरसन यांनी १९८४ मध्ये दाखवलं. आर या संख्याशास्त्रीय संगणक प्रणालीत तेव्हा `fitted probabilities numerically 0 or 1 occurred` असा इशारा येतो आणि सहगुणकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे त्याच्या अंदाजातली अनिश्चितता, अवाच्या सवा फुगलेली दिसते. अंतर्गत गुण अंतिम बेरजेत धरले जात असतील तर ही वेळ लवकर येते, कारण आपण निकालाच्याच एका तुकड्यावरून निकाल ओळखत असतो. अशा वेळी अंतिम लेखी परीक्षेतलं नापास होणं वेगळं मोजावं. तरीही विभाजन राहिलं तर डेव्हिड फर्थ यांची १९९३ ची दुरुस्ती वापरावी. तिच्यामुळे सहगुणक मर्यादेत राहतो आणि कोणाचीही शक्यता नेमकी ० किंवा १ निघत नाही.