बँकेसाठी बोर्ड ठरावाची प्रमाणित प्रत: कागद परत का येतो आणि मजकूर काय लिहायचा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. दोघा भावांनी धंद्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली आणि आता कंपनीच्या नावाने करंट खातं उघडायचं आहे. बँक बाकी कागदांबरोबर ‘बोर्ड रिझोल्युशनची सर्टिफाइड ट्रू कॉपी’ मागते. संचालक मंडळाच्या इतिवृत्तातला तेवढाच ठराव लेटरहेडवर जसाच्या तसा उतरवायचा आणि तो खरा असल्याचं सही करून लिहून द्यायचं, एवढंच हे काम.

प्रोप्रायटरला हा कागद लागत नाही आणि भागीदारी फर्मचा कागद वेगळा असतो. एकच संचालक असलेल्या ओपीसीत, म्हणजे वन पर्सन कंपनीत, सभा भरवावी लागत नाही. संचालकाने ठराव इतिवृत्त पुस्तकात लिहून सही-तारीख केली की कंपनी कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे तीच सभेची तारीख धरतात.

घोटाळा होतो तो क्रमात. लोक आधी आपल्या मनाने ठराव करतात, मग बँक स्वतःचा छापील नमुना पुढे करते, आणि तिचा मजकूर बसावा म्हणून प्रतीत चार ओळी वाढवल्या जातात. इतिवृत्तात नसलेली ओळ प्रमाणित प्रतीत लिहिणं म्हणजे खोटा कागद देणं. म्हणून आधी शाखेतून नमुना आणा, तोच मसुदा सभेपुढे ठेवा, मग ठराव करा. सभेची नोटीस साधारणपणे ७ दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा नमुना मागायला उशीर नको. दोनच संचालक असतील तर गणसंख्येसाठी दोघंही हवेत. एखादा हैदराबादला माल घेऊन गेला असेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सने हजर राहिलेला चालतो.

दुसरी अडचण तारखांची. समजा कंपनीची नोंदणी १२ जूनची आहे. सभा ५ जूनची दाखवली तर कागद तिथेच फेटाळला जातो, कारण त्या दिवशी कंपनीच अस्तित्वात नव्हती. पहिली सभा नोंदणीपासून ३० दिवसांच्या आत हवी, म्हणून २० जून ठीक. इतिवृत्त पुस्तकात नोंदवायलाही ३० दिवस मिळतात, पण ‘इतिवृत्तावर सही होईपर्यंत प्रत देता येत नाही’ हा गैरसमज आहे. ठरावाचा मजकूर सभेपुढे ठेवलेला असेल तर प्रत आधीही देता येते. प्रतीवर दोन तारखा येतात, एक सभेची आणि एक प्रमाणित केल्याची. दुसरी तारीख सभेच्या आधीची पडली की कारकून बरोबर तिथेच बोट ठेवतो.

आमच्या उदाहरणात मजकूर असा होईल. बँकेचा नमुना इंग्रजीत असला तरी त्यात एवढं आलं आहे का ते पाहा:

____ प्रायव्हेट लिमिटेडच्या संचालक मंडळाच्या दि. २० जून रोजी सकाळी ११ वाजता नोंदणीकृत कार्यालयात झालेल्या सभेत संमत ठरावाची प्रमाणित प्रत.

ठराव करण्यात येतो की, कंपनीच्या नावाने ____ बँकेच्या ____ शाखेत चालू खाते उघडण्यात यावे.

पुढे असेही ठरविण्यात येते की, संचालक श्री. ____ (डीआयएन ____) यांना सदर खाते एकट्याच्या सहीने चालविण्याचा अधिकार देण्यात येत आहे.

तसेच, या ठरावाची प्रमाणित प्रत बँकेस देण्याचा अधिकार संचालक श्री. ____ (डीआयएन ____) यांना देण्यात येत आहे.

प्रमाणित करण्यात येते की, वरील मजकूर सदर सभेत रीतसर संमत झालेल्या ठरावाची खरी प्रत आहे. सभेस पुरेशी गणसंख्या होती. ठराव आजच्या तारखेस अमलात असून रद्द केलेला किंवा बदललेला नाही.

____ प्रायव्हेट लिमिटेडकरिता
(सही, नाव, संचालक, डीआयएन, शिक्का)
ठिकाण: सोलापूर. दिनांक: २ जुलै

यात खातं थोरला चालवणार आणि प्रत धाकटा प्रमाणित करणार, हे मुद्दाम केलं आहे. ज्याला सहीचा अधिकार मिळतो त्यानेच ‘मला अधिकार आहे’ असं प्रमाणित केलेलं बऱ्याच शाखांना चालत नाही. दोघंही खातं चालवणार असतील तर प्रतीवर दोघांच्या सह्या घ्या, आणि ठरावात ‘दोघे मिळून’ की ‘दोघांपैकी कोणीही’ हे स्पष्ट लिहा. नुसतं ‘दोघांना अधिकार’ लिहिलं की पहिला चेक वटवतानाच वाद निघतो.

संचालकांची नावं कंपनी निबंधकांच्या नोंदीत आहेत तशीच, वडिलांच्या नावासकट लिहा. लेटरहेडवर सीआयएन आणि नोंदणीकृत पत्ता असतोच असं धरून चालू नका. घाईत छापलेल्या लेटरहेडवर फक्त कारखान्याचा पत्ता सापडतो.

पुढे कॅश क्रेडिट किंवा टर्म लोन घ्यायचं झालं तर हा ठराव चालणार नाही. कर्ज घेण्याचा निर्णय कलम १७९ प्रमाणे सभेतच व्हावा लागतो, कागद फिरवून सह्या घेतलेला ठराव तिथे टिकत नाही. खात्याचे सह्यांचे अधिकार बदलताना मात्र फिरवून केलेला ठराव चालतो का, ते शाखेला आधी विचारा. कायद्याने चालणारी गोष्टही काही ठिकाणी उगाच अडवली जाते.

प्रत द्यायची ती मूळ सहीची, झेरॉक्स नको. दोन मूळ प्रती करा आणि एकीवर बँकेची पोच घेऊन ती इतिवृत्त पुस्तकासोबत ठेवा.