खुल्या पुस्तकाच्या परीक्षेतील निर्णयप्रश्न

परीक्षार्थ्याला पुस्तक, कायद्याची प्रत, मानक संहिता किंवा स्वतःच्या वह्या जवळ ठेवता येतात अशा परीक्षेत विचारला जाणारा, पण त्या पुस्तकातून थेट उतरवता न येणारा प्रश्न. पुस्तकातला नियम दिलेल्या परिस्थितीला लागू होतो का, दोन नियम एकाच वेळी लागू होत असतील तर कोणता मानायचा, आणि दिलेल्या माहितीत काय कमी आहे, हे परीक्षार्थ्याने ठरवायचे असते. पुस्तक नियम पुरवते आणि परिस्थिती प्रश्नातून येते. या दोहोंची सांगड कशी घातली, त्यावर गुण मिळतात.

पुस्तक उघडे ठेवले म्हणून परीक्षा आपोआप या प्रकारची होत नाही. महाराष्ट्रातील स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना याचा अनुभव जुना आहे. प्रबलित काँक्रीटच्या संकल्पनाच्या पेपरावर काँक्रीटच्या भारतीय मानक संहितेबद्दल ‘आयएस ४५६ वापरण्यास परवानगी’ अशी सूचना असते, तरीही पुष्कळदा प्रश्न साच्यातलेच येतात: माप दिलेले, भार दिलेला, काँक्रीटची ग्रेड दिलेली, आता सळई काढा. तिथे संहिता केवळ कोष्टकांची वही म्हणून वापरली जाते. त्याच संहितेवर निर्णयप्रश्न कसा रचता येतो, ते पुढील उदाहरणावरून दिसते.

एक प्रश्न, दोन रूपे. पहिले रूप: ‘मध्यम प्रभावाच्या वातावरणात सळईवर किमान किती कव्हर हवे?’ कव्हर म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर. आयएस ४५६ : २००० मधील कोष्टक १६ उघडले की ३० मिमी हे उत्तर समोर असते. कोष्टक कुठे आहे एवढेच येथे तपासले जाते.

दुसरे रूप: ‘अकोल्यातील एका दुमजली घराचा नकाशा जसाच्या तसा रत्नागिरीत समुद्रापासून दोनशे मीटरवर वापरायचा आहे. नकाशात सर्वत्र एम २० ग्रेडचे काँक्रीट आणि २० मिमी कव्हर आहे. खोलीतला कॉलम, १.२ मीटर पुढे आलेली १२५ मिमी जाडीची उघडी बाल्कनी आणि पाया, या तिन्हींत काय बदलाल? कारणे द्या.’

या प्रश्नात ‘सौम्य’, ‘मध्यम’, ‘तीव्र’ हे शब्द कुठेच नाहीत. वातावरणाचा वर्ग विद्यार्थ्यानेच ठरवायचा आहे आणि खरा प्रश्न तिथेच आहे. खोलीतला कॉलम पावसापासून सुरक्षित आहे म्हणून तो ‘सौम्य’ वाटतो. पण कोष्टक ३ मधील सौम्य वर्गाच्या व्याख्येतच किनारपट्टीचा अपवाद आहे. खाऱ्या हवेपासून आडोसा असलेला भाग किनाऱ्यावर ‘मध्यम’ ठरतो, म्हणजे किमान एम २५ आणि ३० मिमी कव्हर. इथे थांबणारा विद्यार्थीही चुकतो, कारण कॉलमसाठी संहितेत वेगळे कलम आहे आणि ते साधारणपणे किमान ४० मिमी मागते. कोष्टकातला आकडा बरोबर वाचूनही उत्तर चुकते, ही या प्रश्नातली सर्वांत मोलाची जागा.

बाल्कनी थेट किनारी हवेत आहे, म्हणून वर्ग ‘तीव्र’: एम ३० आणि ४५ मिमी. पण कव्हर वाढवले की सळई खाली सरकते. बाल्कनीत ताण वरच्या बाजूला असतो आणि १० मिमीची सळई तिथेच असते. जुन्या नकाशात परिणामी खोली, म्हणजे स्लॅबच्या खालच्या पृष्ठापासून सळईच्या मध्यापर्यंतचे अंतर, १२५ मधून कव्हरचे २० आणि सळईच्या अर्ध्या व्यासाचे ५ वजा करून १०० मिमी होती, ती आता ७५ राहते. लांबी आणि खोली यांचे गुणोत्तर १२ वरून १६ वर जाते. स्लॅब फार वाकू नये म्हणून पुढे आलेल्या भागासाठी संहितेत या गुणोत्तराची मूळ मर्यादा ७ आहे. ताणातल्या सळईच्या प्रमाणानुसार ती जास्तीत जास्त दुप्पट, म्हणजे १४ होऊ शकते. नुसती सळई वाढवून हे भागत नाही. जाडी १५० मिमी केली तर खोली पुन्हा १०० मिमी होते, पण स्लॅबचे स्वतःचे वजनही वाढते, म्हणून भाराचे गणित परत मांडावे लागते. एका आकड्याच्या बदलाचा हा माग शेवटपर्यंत काढणारा विद्यार्थी संकल्पन समजलेला असतो.

पायाबाबत प्रश्नात मुद्दाम एक गोष्ट दिलेली नाही: भूजलाचा तपासणी अहवाल. माती आणि पाणी निरुपद्रवी असेल तर वर्ग मध्यम, आक्रमक असेल तर अतितीव्र. पायाला संहिता किमान ५० मिमी कव्हर मागते आणि अतितीव्र वर्गही ५० मिमीच मागतो, त्यामुळे कव्हर दोन्ही वेळा तेच राहते. ग्रेड मात्र एम २५ की एम ३५ हे अहवालाशिवाय ठरत नाही. ‘अहवाल मागवीन, तोपर्यंत अमुक धरतो’ असे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यायला हवेत.

गुणदान. असे प्रश्न बहुतेक वेळा तपासणीत फसतात. परीक्षकाकडे फक्त अंतिम आकड्यांची आदर्श उत्तरपत्रिका असेल, तर निर्णयप्रश्न पुन्हा आकडा शोधण्याचा प्रश्न होऊन बसतो. वरील प्रश्नात वर्ग आणि त्याचे कारण, त्या वर्गावरून घेतलेली मूल्ये, आणि बदलाचा पुढचा परिणाम यांना वेगवेगळे गुण ठेवावे लागतात. बाल्कनी चुकून अतितीव्र वर्गात धरली, पण ५० मिमी कव्हरवरून पुढची मांडणी नीट केली, तर पहिल्या भागाचेच गुण जावेत. समुद्राचे तुषार तिथवर येतात असे कारण त्याने दिले असेल, तर तो भागही उदारपणे पाहावा लागतो. वर्गांच्या सीमेवर दोन जाणते अभियंतेही वेगळे मत देऊ शकतात. म्हणूनच काही उत्तरपत्रिका दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे तपासून गुण जुळतात का हे आधी पाहणे आवश्यक असते.

प्रश्न कुठे बिघडतो. प्राश्निकाला एक सोपी चाचणी करता येते. विषय न शिकलेल्या, पण वाचनात तरबेज असलेल्या माणसाला संहिता आणि प्रश्न द्यावा. पाने चाळून तो बरोबर उत्तर काढत असेल, तर प्रश्न निर्णयाचा नाही. उलट, विषय शिकलेले विद्यार्थीही निम्म्या वेळात फक्त कलमे शोधत बसले, तर प्रश्नांची संख्या जास्त आहे. वरच्यासारखा एक प्रश्न नीट सोडवायला पाऊण तास सहज लागतो, म्हणून तीन तासांच्या पेपरात असे तीन-चारच प्रश्न बसतात.

दुसरा बिघाड परिस्थिती आधीच माहीत असण्याचा. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१३-१४ पासून नववी आणि अकरावीला पाठ्याधारित खुले मूल्यमापन आणले होते. त्यात उतारे परीक्षेच्या कित्येक महिने आधी शाळांकडे जात. उतारा ठरलेला असला की त्यावर येऊ शकणारे प्रश्नही ठरत जातात, तयार उत्तरे पाठ होतात आणि स्मरणाची परीक्षा मागच्या दाराने परत येते. काही वर्षांतच मंडळाने ही पद्धत बंद केली. नियमांचे पुस्तक आधीपासून हातात असायला हरकत नाही. परिस्थिती मात्र परीक्षागृहातच पहिल्यांदा दिसली पाहिजे. रत्नागिरीचे घर एकदा विचारून झाले की पुढच्या वर्षी जेटीचा खांब द्यावा. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला तो भाग ‘आत्यंतिक’ वर्गात जातो आणि एम ४० व ७५ मिमी मागतो. त्याच खांबाचा कायम पाण्याखाली बुडालेला भाग मात्र ‘तीव्र’ वर्गातच राहतो.