वाचलेली तारीख आणि नोंदलेली तारीख

“अहो, फोनने सगळं बरोबर वाचलंय, बघा ना!” कॅलेंडरमधली नोंद चुकली की हे वाक्य ठरलेलं असतं. आणि ते खरंच असतं. फोनने बरोबरच वाचलेलं असतं. पण निमंत्रणाच्या चित्रातली अक्षरं ओळखणं हे एक काम आणि त्या अक्षरांवरून कॅलेंडरमध्ये नोंद करणं हे दुसरं. दोन्ही एकाच बोटाच्या टिचकीत उरकतात, म्हणून लोक त्यांना एकच समजतात. पुण्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत चर्चासत्रांच्या निमंत्रणांचा पाऊस पडतो, त्यातली बहुतेक व्हॉट्सअॅपवर चित्र म्हणूनच येतात, आणि हा घोटाळा मी इतक्यांदा निस्तरलाय की आता लिहूनच टाकतो.

पहिलं काम सगळ्यांना येतं, त्यामुळे थोडक्यात. स्क्रीनशॉट उघडायचा, गूगल लेन्स वापरायची, मजकूर निवडला जातो. छापील अक्षरं स्वच्छ असतील तर चुका फार होत नाहीत. देवनागरी आकड्यांवर मात्र एक नजर टाकायची, कारण इंग्रजी आकड्यांच्या अपेक्षेने वाचणाऱ्याला आपला १ हा 9 सारखा दिसतो. गुलाबी पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरं छापणाऱ्या आयोजकांबद्दल मी इथे काही बोलत नाही.

आता दुसरं काम. निमंत्रणात असतं ते वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेलं वाक्य. कॅलेंडरला लागतो तो काळातला एक नेमका क्षण. समजा, निमंत्रणावर ही ओळ आहे:

```
शनिवार, दि. 05/09/2026, सायं. 5.30 वा.
```

हीच नोंद कॅलेंडरच्या फाइलमध्ये बरोबर उतरली, तर तिचा गाभा असा दिसतो:

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20260905T173000
DTEND;TZID=Asia/Kolkata:20260905T193000
LOCATION:पत्रकार भवन\, गांजवे चौक\, नवी पेठ\, पुणे
```

दुसऱ्या चौकटीत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि ‘सायंकाळ’ऐवजी १७ वाजून ३० मिनिटं. तिथे दुसरा अर्थ काढायला जागाच नाही. पहिल्या चौकटीत ती भरपूर आहे. म्हणजे पहिलीवरून दुसरीवर जाताना कोणीतरी निर्णय घेतलेला असतो. तुम्ही घेतला नसेल तर फोनने घेतलेला असतो.

सगळ्यात जास्त माणसं ज्याच्यात पडतात तो निर्णय म्हणजे दिवस आधी की महिना आधी. आपण लिहितो दिवस, महिना, वर्ष. अमेरिकेत लिहितात महिना, दिवस, वर्ष. फोन किंवा लॅपटॉप घेतल्या दिवशी ‘इंग्लिश’ निवडताना यादीत पहिलं दिसलं ते अमेरिकी इंग्लिश निवडलं गेलं असेल, तर तारखेचा अर्थ लावणारं अॅप `05/09` म्हणजे ९ मे समजू शकतं. अक्षर एकही चुकलेलं नाही. वाचन शंभर टक्के, नोंद साफ चूक.

मग इतकी वर्षं हे लक्षात कसं येत नाही? कारण महिन्याचे बहुतेक दिवस आपल्याला वाचवतात. तारीख १३ किंवा त्यापुढची असली की गोंधळ होऊच शकत नाही, पंचविसावा महिना नसतो. अशा वेळी अमेरिकी पद्धतीचा फोनही निमूटपणे २५ सप्टेंबर धरतो, आणि आपण म्हणतो, “माझ्या फोनवर तर नीट चालतं.” ५/५ किंवा ८/८ उलटी वाचली तरी बिघडत नाही. राहिल्या त्या संशयाच्या तारखा. १२ महिन्यांचे पहिले १२ दिवस म्हणजे १४४, त्यातून दिवस आणि महिना सारखा असलेल्या १२ वजा केल्या की १३२. वर्षातल्या १३२ तारखांना हा फोन दगा देऊ शकतो आणि बाकी २३३ दिवस तो शहाण्यासारखा वागतो. तीन निमंत्रणं बरोबर गेली म्हणून चौथंही जाईल हे गणित इथे लागू पडत नाही.

वर उलट्या वाचलेल्या तारखेची चूक गप्प असते. ऑगस्टच्या शेवटी आलेलं निमंत्रण ९ मेला जाऊन बसलं, तर तो दिवस केव्हाच उलटून गेलेला असतो. उलटलेल्या दिवसाची घंटा वाजत नाही. फोन ‘जतन झालं’ म्हणतो, तुम्ही निश्चिंत होता, आणि पाच सप्टेंबरच्या संध्याकाळी घरी कांदेपोहे खात बसलेले असता.

यावर सर्वसाधारण उपाय सांगितला जातो तो वार बघण्याचा. निमंत्रणावर वार छापलेला असतो, नोंद केल्यावर कॅलेंडरही वार दाखवतं, दोन्ही जुळले की झालं. उपाय चांगला आहे, मी स्वतः करतो. `07/08/2026` घ्या. ७ ऑगस्ट २०२६ ला शुक्रवार आहे, ८ जुलैला बुधवार. निमंत्रणावर शुक्रवार आणि कॅलेंडरात बुधवार दिसला की चूक लगेच पकडली जाते.

पण मुद्दाम शिक्षक दिनाचं उदाहरण घेतलं त्याचं कारण आहे. ५ सप्टेंबर २०२६ शनिवारी येतो. ९ मे २०२६ सुद्धा शनिवारीच. हा योगायोग एका वर्षाचा नाही. ९ मेपासून ५ सप्टेंबरपर्यंत बरोबर ११९ दिवस, म्हणजे सतरा आठवडे होतात. मध्ये फेब्रुवारी येत नाही, त्यामुळे लीप वर्ष असो वा नसो, या दोन तारखांचा वार दरवर्षी एकच. म्हणजे ज्या दिवशी निम्म्या महाविद्यालयांत काही ना काही कार्यक्रम असतो, त्याच दिवशी वाराची परीक्षा चुकीच्या नोंदीला पास करते! अशा आणखी दोन कायमच्या जोड्या आहेत: ११ जुलै आणि ७ नोव्हेंबर, १२ मार्च आणि ३ डिसेंबर. लीप नसलेल्या वर्षी, म्हणजे २०२६ सालीही, तीन जोड्यांची भर पडते: ७ जानेवारी आणि १ जुलै, ११ जानेवारी आणि १ नोव्हेंबर, ८ फेब्रुवारी आणि २ ऑगस्ट. एवढ्या तारखांना वार जुळला म्हणून हुरळून जाऊ नका.

तेव्हा माझी पद्धत अशी. जतन करण्याआधी नोंदीच्या पडद्यावर महिन्याचं नाव अक्षरांत बघायचं. बहुतेक अॅप तिथे ‘सप्टेंबर’ किंवा ‘Sep’ असं लिहून दाखवतात. आकड्यांकडे बघून उपयोग नाही, कारण आकडे दोन्ही अर्थांत सारखेच दिसतात. मग वार. आणि जतन केल्यावर येणाऱ्या कार्यक्रमांची यादी उघडून नोंद तिथे दिसते का ते पाहायचं. मागच्या महिन्यांत जाऊन पडलेली नोंद पुढच्या यादीत दिसणारच नाही. या तिन्हीला मिळून अर्धा मिनिट लागतो. फोनची भाषा एकदा बदलून ‘इंग्लिश (भारत)’ किंवा मराठी केली तर मूळच छाटलं जातं. तरी महिन्याचं नाव बघायची सवय सोडू नये, कारण ऑफिसच्या लॅपटॉपवर कोणी काय निवडून ठेवलंय ते आपल्या हातात नसतं.

वेळेचं प्रकरण सोपं आहे, पण एक खोडी त्यातही आहे. आपण ‘5.30’ असा मधे टिंब देऊन लिहितो आणि ‘सायं.’ हा शब्द वेगळा राहतो. मजकूर उचलताना तो शब्द निसटला की पहाटे साडेपाचची नोंद होते. ही चूक निदान बोलकी असते, पहाटे पाचला फोन वाजतो आणि घरचे तुम्हाला सांगतात. त्यातून निमंत्रणावर ‘चहापान ५, कार्यक्रम ५.३०’ असं असेल तर मी ५ ची नोंद करतो. पुण्यातले कार्यक्रम वेळेवर सुरू होतात, ही अफवा नाही.

संपण्याची वेळ निमंत्रणावर जवळजवळ कधीच नसते. गूगल कॅलेंडर अशा वेळी मुळात एक तास धरतं. चर्चासत्र एका तासात आटोपल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. तुमचं कॅलेंडर सहकाऱ्यांना दिसत असेल तर साडेसहाला तुम्ही मोकळे आहात असं समजून कोणीतरी मीटिंग लावतं. शेवट हाताने दोन तास पुढे न्यायचा, अध्यक्षीय भाषण असेल तर अडीच. ऑनलाइन चर्चासत्र परदेशातून असेल तरच टाइमझोन बघा. नवी पेठेतल्या कार्यक्रमाला त्याची चिंता नको. वर्ष छापलेलं नसेल तर डिसेंबरात आलेल्या जानेवारीच्या निमंत्रणाकडे तेवढं लक्ष ठेवा.

स्थळाच्या बाबतीत हाच भेद पुन्हा येतो, म्हणून दोन शब्द. ‘यशवंतराव चव्हाण’ एवढंच फोनने अचूक वाचलं, तर नकाशा कुठे नेईल? कोथरूडला त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. बाणेर रस्त्यावर यशदा आहे, तिच्याही पूर्ण नावात यशवंतराव चव्हाणच. आणि मुंबईत नरिमन पॉइंटला यशवंतराव चव्हाण सेंटर आहे. निमंत्रण लिहिणाऱ्याच्या डोक्यात एकच जागा होती, नकाशाला तिन्ही दिसतात. त्यामुळे स्थळाच्या रकान्यात सभागृहाबरोबर चौक किंवा पेठ स्वतः टाइप करायची आणि नकाशाने सुचवलेला पहिला पर्याय डोळे मिटून दाबायचा नाही. पत्रकार भवन आणि एस. एम. जोशी सभागृह इतके शेजारी आहेत की तिथे चुकलात तरी दोन मिनिटांत सावराल. कोथरूडऐवजी बाणेरला पोचलात तर नाही.

नोंदीच्या नावात ‘चर्चासत्र’ एवढंच लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे. महिन्यात अशी चार असतात. आणि मूळ स्क्रीनशॉट नोंदीला जोडून ठेवायचा, गॅलरीतून पुसायचा नाही. दारावरच्या माणसाने प्रवेशिका मागितली तर तोच दाखवायचा असतो.

आयोजक मंडळींना एकच विनंती: तारीख ‘५ सप्टेंबर २०२६’ अशी लिहा. तिरक्या रेघा काढल्याने चित्रात जी काही दोन बोटं जागा वाचते, ती पाहुण्यांच्या छायाचित्रांना तशीही पुरत नाही.